लहान दुकानात कामाच्या वेळा कशा लावायच्या: सहा माणसांचे, सहा वेगवेगळ्या सुट्ट्यांचे एक सोलापुरी वेळापत्रक

दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे असते आणि माणूस सहा दिवस येतो. एकाला संध्याकाळी थांबता येत नाही, दुसऱ्याचे सकाळी कॉलेज असते, तिसऱ्याला गावाकडची शेवटची सोयीची गाडी गाठायची असते. बहुतेक दुकानांत मालक हे सगळे डोक्यात ठेवतो आणि रोज सकाळी आलेल्या माणसांकडे बघून काम वाटतो. हजेरीला दोन-तीन माणसे असेपर्यंत हे चालून जाते. पाच-सहा झाली की दुपारी चौघे काउंटरला टेकून उभे दिसतात आणि संध्याकाळी सात वाजता गिऱ्हाईक ताटकळून बाहेर पडते. यातून सुटायचे तर अर्ध्या दिवसाचे कागदी काम पुरते. ते कसे करायचे, हे एका उदाहरणावरून सांगतो.

नवी पेठेत चादरी, टॉवेल आणि बेडशीटचे एक दुकान आहे असे धरा. सकाळी १० ते रात्री ९, सातही दिवस उघडे. गल्ल्यावर मालक किंवा त्यांचा भाऊ बसतो, त्यांना हिशोबात धरायचे नाही. माल दाखवायला सहा जण आहेत. दुकान आणि माणसे उदाहरणासाठी उभी केली आहेत, पण त्यांच्या अडचणी सोलापुरातल्या कोणत्याही दुकानदाराला ओळखीच्या वाटतील.

आधी गर्दी मोजा, मग माणसांकडे वळा

वेळापत्रक करायला बसले की हात पहिल्यांदा माणसांच्या नावांकडे जातो. तो आवरा. कोणत्या वेळी किती माणसे लागतात, हे नावांशिवाय कागदावर आले पाहिजे. एकदा नावे लिहिली की "सुनंदाताई नेहमी सकाळीच असतात" अशा सवयी आकड्यांच्या जागी येऊन बसतात.

सलग दोन आठवड्यांची बिले काढा. संगणकावर बिल होत असेल तर वेळ छापलेली असते. पावतीपुस्तक असेल तर दोन आठवडे प्रत्येक पावतीवर वेळ लिहायला सांगा. मग तासागणिक बिले मोजा. पण बिलांतून फक्त घेऊन गेलेले गिऱ्हाईक कळते. न घेता परत गेलेल्यांसाठी गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि असे कोणी गेले की तासाच्या रकान्यात एक रेघ ओढा. ज्या तासात रेघा अचानक वाढतात, तिथे बहुधा दाखवायला माणूस कमी पडलेला असतो. किमतीमुळे परत जाणारे दिवसभर थोडे थोडे असतातच.

आता एका गिऱ्हाइकाला किती वेळ लागतो ते पाहा. चादरीच्या दुकानात घडी उलगडून दाखवावी लागते, डबल-सिंगल, रंग, वजन, सगळे बघून होते. वीस मिनिटे सहज जातात, म्हणजे एक माणूस तासाला तीन कुटुंबे नीट सांभाळतो. संध्याकाळी सहा ते आठ तासाला नऊ-दहा कुटुंबे येत असतील तर तीन माणसे हवीत. रविवारी अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करून परतणारे भाविक चादरी घ्यायला थांबतात, तेव्हा चार. किराणा किंवा मेडिकलमध्ये एका गिऱ्हाइकाला तीन-चार मिनिटे पुरतात, तिथे हा हिशोब वेगळा येईल. रीत तीच.

आपल्या उदाहरणात मोजणी अशी निघाली. सकाळी १० ते १ रोज दोन माणसे. दुपारी १ ते ५ दोन पुरतात, उन्हाळ्यात तर तीही जास्त, कारण पारा चाळिशीपार असताना दुपारी नवी पेठेत फारसे कोणी फिरकत नाही. संध्याकाळी ५ ते ९ सोमवार ते शुक्रवार तीन, शनिवारी आणि रविवारी चार.

माणसांना काय विचारायचे

प्रत्येकाशी वेगळे बोला, सगळ्यांसमोर विचारू नका. सगळ्यांसमोर नवा मुलगा "मला काहीही चालेल" म्हणतो आणि पंधरा दिवसांनी खाडे करायला लागतो. तीन गोष्टी विचारा: कोणत्या वेळी अजिबात जमत नाही, कोणत्या वेळी जमते पण नको वाटते, आणि आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी हवी. पहिल्या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यात लिहा. "जमत नाही" हे वेळापत्रकाला पाळावेच लागते. "नको वाटते" हे सगळ्यांनी वाटून घ्यायचे असते. दोन्ही एकाच यादीत गेले की मोठ्याने बोलणाऱ्याची नावड पाळली जाते आणि गप्प बसणाऱ्याची अडचण राहून जाते.

आपल्या सहा जणांची उत्तरे अशी:

सुनंदाताईंची मुले शाळेत आहेत. सहाच्या पुढे थांबता येत नाही, रविवार घरी हवा. दत्ता मोहोळहून येतो, त्यालाही उशिरापर्यंत थांबणे जमत नाही. बुधवारी त्याला शेताकडे बघायचे असते. इरफान जवळच राहतो, त्याला कोणतीही वेळ चालते, पण शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजासाठी अडीचपर्यंत मोकळीक हवी आणि सुट्टी सोमवारी. व्यंकटेश पूर्व भागातून येतो, त्यालाही कोणतीही वेळ चालते आणि सुट्टी सोमवारीच हवी. रेश्माला दुपारी १ नंतरचीच वेळ जमते, सुट्टी शुक्रवारी. प्रणव कॉलेजात आहे, दुकानाजवळ राहतो, रोज ५ ते ९ येईल, मंगळवारी क्लास असतो. रविवारी त्याला जास्त तास हवे आहेत, कारण त्याचा पगार तासावर आहे.

इथे एक चौथा प्रश्न कामी येतो: सुट्टी कशासाठी हवी? व्यंकटेशला सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जायचे असते. इरफानला आईला घेऊन दवाखान्यात जायचे असते आणि त्यात दिवस मोडतो. व्यंकटेशचे काम एक वाजता सुरू होणार असेल तर दर्शन सकाळी होते, सुट्टी खर्च करावी लागत नाही. एका वारावर दोघांचा हक्क आहे असे वाटत होते, प्रत्यक्षात एकाचाच होता. कारण सांगायची सक्ती मात्र करू नका. कोणी म्हणाले "घरगुती आहे", तर तेवढे पुरे.

टोके मोजा

या कामातली खरी किल्ली इथे आहे. पूर्ण वेळच्या माणसाच्या दोन पाळ्या होतात: १० ते ६ आणि १ ते ९. पहिली पाळी सकाळचे टोक सांभाळते, दुसरी संध्याकाळचे. मधले १ ते ५ दोन्ही पाळ्यांना सामाईक आहे, त्यामुळे तिथे माणसे आपोआप जास्त होतात. म्हणून एकूण तास मोजून फसायला होते. तास भरपूर दिसतात, पण त्यातले बरेच दुपारी साचलेले असतात. तास बाजूला ठेवून टोके मोजायची. एक माणूस एका दिवशी एकच टोक देतो.

गरज मोजू. सकाळची टोके रोज २, आठवड्याला १४. संध्याकाळची पाच दिवस ३ आणि दोन दिवस ४, म्हणजे २३. एकूण ३७.

हाती काय आहे? पूर्ण वेळचे पाच जण सहा दिवस, म्हणजे ३० टोके. प्रणवच्या सहा संध्याकाळी धरून ३६. एक टोक कमी पडते. ते कुठे कमी पडते हेही शोधा, कारण एकूण बेरीज जुळली तरी एखादा वार अडू शकतो. शनिवारी सुनंदाताई आणि दत्ता सकाळी, बाकी चौघे संध्याकाळी, सगळे जुळते. रविवारी सुनंदाताई नाहीत. संध्याकाळी चौघे लागतात, सकाळी दत्ता एकटा. खड्डा रविवारी सकाळीच आहे.

हा खड्डा भरायला नवा माणूस ठेवायची गरज नाही. रविवारी प्रणवला तुटक पाळी द्यायची: सकाळी १० ते दीड, मग घरी जाऊन पुन्हा ५ ते साडेआठ. कामाचे तास ७ होतात आणि त्याला जास्त पैसे हवेच होते. तुटक पाळी जवळ राहणाऱ्यालाच द्यावी. मोहोळच्या दत्ताला दुपारी साडेतीन तास मोकळे सोडले तर त्याचा तो वेळ रस्त्यावर जातो आणि त्याचे पैसेही मिळत नाहीत. दत्तासाठी ती शिक्षाच.

तुटक पाळीला साडेआठची मर्यादा का, हे कायद्याकडे पाहिले की कळते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा, विश्रांती धरून, पसारा साडेदहा तासांच्या आत ठेवायला सांगितला होता. रोज ९ आणि आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्याला एक सलग चोवीस तासांची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दराने पैसे, ही त्यातली बाकीची मुख्य मापे. हा कायदा मुळात १० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या दुकानांना लागू झाला, त्याखालच्यांनी फक्त सूचना द्यायची होती. २०२५ मध्ये राज्य सरकारने कामगारांची संख्या २० वर आणि रोजचे तास १० वर नेण्याचा निर्णय घेतला, म्हणून आपल्या दुकानाला आज नेमके काय लागू होते ते कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्या. माझे मत असे, की सहा माणसांच्या दुकानानेही जुनी, कडक मापेच पाळावीत. त्यापलीकडे ताणलेला माणूस संध्याकाळी सातला गिऱ्हाइकासमोर दहावी चादर उलगडत नाही.

तक्ता भरणे

भरताना क्रम महत्त्वाचा. सोपे वार आधी भरले की शेवटी अवघड वारासाठी नको तीच माणसे उरतात. म्हणून आधी शनिवार-रविवार. मग ज्यांच्या अडचणी पक्क्या आहेत ते, म्हणजे सुनंदाताई आणि दत्ता. मग सुट्ट्या. ज्यांना काहीही चालते ते इरफान आणि व्यंकटेश सगळ्यात शेवटी.

शनिवारी-रविवारी चौघांची संध्याकाळ लागते, म्हणून इरफान, व्यंकटेश, रेश्मा, प्रणव यांच्या सुट्ट्या सोमवार ते शुक्रवारातच पडणार. बुधवारी दत्ता नाही, म्हणून सकाळी एक जण संध्याकाळच्या पाळीतून आणावा लागतो आणि त्या दिवशी या चौघांपैकी कोणालाही सुट्टी देता येत नाही. उरले चार वार आणि चार माणसे. सोमवार इरफान, मंगळवार प्रणव, शुक्रवार रेश्मा, आणि व्यंकटेशला गुरुवार.

| वार | सकाळ (१० ते ६) | संध्याकाळ (१ ते ९, प्रणव ५ ते ९) | सुट्टी |
|---|---|---|---|
| सोम | सुनंदाताई, दत्ता | व्यंकटेश, रेश्मा, प्रणव | इरफान |
| मंगळ | सुनंदाताई, दत्ता | इरफान, व्यंकटेश, रेश्मा | प्रणव |
| बुध | सुनंदाताई, व्यंकटेश | इरफान, रेश्मा, प्रणव | दत्ता |
| गुरू | सुनंदाताई, दत्ता | इरफान, रेश्मा, प्रणव | व्यंकटेश |
| शुक्र | सुनंदाताई, दत्ता | इरफान (अडीचपासून), व्यंकटेश, प्रणव | रेश्मा |
| शनि | सुनंदाताई, दत्ता | इरफान, व्यंकटेश, रेश्मा, प्रणव | कोणी नाही |
| रवि | दत्ता, प्रणव (दीडपर्यंत) | इरफान, व्यंकटेश, रेश्मा, प्रणव (५ ते ८:३०) | सुनंदाताई |

तपासणी दोन बाजूंनी करा. आडवे बघितले की प्रत्येक वारी माणसे पुरतात का ते कळते. प्रत्येकाचे नाव धरून खाली गेले की सहा दिवस आणि एक सुट्टी भरते का ते कळते. जेवणाचा अर्धा तास वजा केला तर पूर्ण वेळच्यांचे आठवड्याचे ४५ तास होतात, इरफानचे शुक्रवारमुळे दीड तास कमी. प्रणवचे २७.

शुक्रवारी इरफान अडीचला येतो, तरी दुकानाला काहीच फरक पडत नाही, कारण त्या वेळी तिथे सुनंदाताई, दत्ता आणि व्यंकटेश आहेतच. म्हणूनच त्याने शुक्रवार सुट्टीत घालवायची गरज नव्हती. दुपारची ही जास्तीची माणसे अशाच सवलतींसाठी वापरायची असतात. उरलेल्या वेळेत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून आलेला माल उघडणे, किमतीच्या चिठ्ठ्या लावणे, सकाळी विस्कटलेल्या घड्या घालणे. संध्याकाळी पाचनंतर यातले काही करायला लागू नये.

विश्रांतीची वेळही तक्त्यातच लिहा. १ ते ९ पाळीवाल्यांचे पाच तास सहा वाजता भरतात, म्हणजे ऐन गर्दीत. त्यांचा अर्धा तास साडेचार ते पाचच्या सुमारास, आळीपाळीने, गर्दीच्या आधी झाला पाहिजे. सकाळवाल्यांचे जेवण एकनंतर, दुसरी पाळी आल्यावर.

तक्ता संगणकावर ठेवत असाल तर रोजची बेरीज त्यालाच करू द्या. वरच्या ओळीत वार, डावीकडे दुसऱ्या ते सातव्या ओळीत सहा नावे, आणि घरांत सकाळला "स", संध्याकाळला "सं", दोन्ही टोकांना "दो", सुट्टीला "सु" लिहा. सोमवारच्या रकान्याखाली संध्याकाळची बेरीज अशी येते:

```
=COUNTIF(B2:B7,"सं")+COUNTIF(B2:B7,"दो")
```

हाच आकडा गरजेपेक्षा कमी दिसला की तक्ता अजून पुरा झालेला नाही.

पाणी, खाडा आणि अदलाबदल

या तक्त्यात एकही टोक जास्तीचे नाही. लहान दुकानात बहुतेक वेळा असेच असते, म्हणून कोणी आले नाही तर काय करायचे ते आधीच ठरलेले हवे.

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि त्या दिवशी घरातली बाई सकाळी घर सोडू शकत नाही. याला खाडा किंवा उशीर म्हणू नका. हे अंदाज असलेले कारण आहे. सुनंदाताईंनी आदल्या संध्याकाळी कळवायचे आणि त्या दिवशी अकराला यायचे. पहिला तास दत्ताबरोबर गल्ल्यावरचा माणूस माल दाखवतो. त्यांचे सहाला निघणे पक्के आहे, म्हणून हा तास भरून घ्यायला त्यांना थांबवू नका. दुपारच्या एखाद्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत थोडे मागेपुढे करून घेता येते, नाहीतर तो तास सोडून द्या.

अदलाबदलीला एकच नियम पुरतो: सकाळच्या टोकाला सकाळचे टोक, संध्याकाळच्या टोकाला संध्याकाळचे. इरफान आणि रेश्मा यांनी सुट्ट्या बदलल्या तर चालते. दत्ता आणि प्रणवने बदलल्या तर दिवस मोजून सारखेच राहतात, पण मंगळवारी सकाळी दार उघडायला दुसरा माणूस दिसत नाही. बदल दोघांनी आपसात ठरवावा, पण मालकाने हो म्हटल्यावर आणि भिंतीवरच्या कागदावर खोडून लिहिल्यावरच तो पक्का. नुसते फोनवर ठरलेले बदल दोघांनाही "आज तू येणार होतास ना" म्हणायला लावतात.

ऐनवेळी खाडा झाला तर पहिल्यांदा भाऊ गल्ल्यावर आणि मालक माल दाखवायला. सुट्टीवरच्या माणसाला बोलवायचे ते दुसऱ्या क्रमाने, आणि बोलावले तर त्याच आठवड्यात बदली सुट्टी किंवा दुप्पट रोज. कोणाला बोलावले याची नोंद ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी जवळ राहणारा इरफानच बोलावला जातो आणि वर्षभरात त्याच्या सुट्ट्या सर्वांत जास्त मोडतात.

सणांचा हिशोब डिसेंबरातच

आठवड्याचा तक्ता सणाला टिकत नाही. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, शहरात माणसे लोटतात, आणि त्याच वेळी आपल्या माणसांनाही अक्षता सोहळ्याला जायचे असते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी व्यंकटेश पूर्व भागातून बाहेर पडणार नाही. रमजान ईदला इरफान आणि रेश्मा नसतील. आषाढीला दत्ताच्या घरी वारकरी असतात.

नीट पाहिले तर हे दिवस सहसा एकमेकांवर येत नाहीत आणि सोलापूरच्या दुकानाची ही मोठी सोय आहे. डिसेंबरात सगळ्यांना एकत्र बसवून वर्षाच्या कॅलेंडरवर प्रत्येकाचे सगळ्यात महत्त्वाचे दोन दिवस लिहून घ्या. ते त्याचे पक्के. बदल्यात दुसऱ्याच्या दोन दिवसांना तो उभा राहतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या भरपगारी सुट्ट्यांना दुकान उघडे ठेवायचे असेल तर त्या दिवशी काम करणाऱ्यांना बदली सुट्टी कधी, तेही तिथेच लिहा. यात्रेसारख्या, सगळ्यांनाच हव्या असलेल्या दिवसांसाठी पाळी ठरवा: यंदा ज्यांना अक्षतेला जायला मिळाले, ते पुढच्या वर्षी थांबतील. यंदा कोण गेले ते कागदावर असू द्या. वर्षभराने ते कोणालाच नक्की आठवत नाही.

तक्ता कधी लावायचा, कधी बदलायचा

सोमवारपासूनचा तक्ता आधीच्या गुरुवारी भिंतीवर लागला पाहिजे आणि त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर गेला पाहिजे. गुरुवार अशासाठी, की दत्ताला गावाकडचे काम आणि रेश्माला घरचे कार्यक्रम शनिवार-रविवारच्या आधी लावता येतात.

बुधवारच्या सकाळी एक जण संध्याकाळच्या पाळीतून येतो. ही जागा कायम व्यंकटेशची ठेवू नका. तो आदल्या रात्री नऊला सुटून दुसऱ्या दिवशी दहाला हजर होतो. महिन्याआड तो आणि इरफान यांच्यात ती फिरवा. रेश्माला सकाळ जमत नाही, म्हणून ती यात नाही. शनिवारच्या रात्री शेवटी शटर ओढायला कोण थांबतो, तेही असेच फिरते ठेवा. रेश्माला मात्र नऊनंतर थांबवू नका.

महिनाअखेरीला दोनच गोष्टी मोजा: संध्याकाळी ठरल्यापेक्षा कमी माणसे किती वेळा होती, आणि गल्ल्याजवळच्या वहीतल्या रेघा कोणत्या तासात आहेत. कमी माणसांच्या संध्याकाळी आठवड्याला एकापेक्षा जास्त व्हायला लागल्या तर तक्ता कितीही हलवला तरी भागत नाही. तिथे प्रणवसारखा आणखी एक ५ ते ९ चा मुलगा किंवा मुलगी हवी, पूर्ण वेळचा सातवा माणूस नको. तो दुपारीच साचेल. रेघा शनिवारी सकाळी अकरा-बाराच्या सुमारास वाढल्या असतील तर गरजेचाच आकडा जुना झाला आहे, पुन्हा दोन आठवड्यांची बिले मोजायला घ्या. आणि प्रणवच्या सेमिस्टर परीक्षेच्या तारखा लागल्या की त्याच दिवशी पुढच्या तीन आठवड्यांचा तक्ता नव्याने करा, कारण त्याच्या जाण्याने रविवारची सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही एकदम उघडी पडतात.